स्पोर्ट्स डेची नोटीस : घड्याळ, नाडी, बाटली आणि दोरीमागचे पालक

प्रश्न : इंदूरच्या एका छोट्या प्राथमिक शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, साधारण २२० मुलं. यंदा स्पोर्ट्स डे माझ्या गळ्यात पडलाय, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. मोठ्या बाई म्हणाल्या, पालकांना नोटीस काढा, त्यात कपडे, पाणी, वेळ सगळं येऊ दे आणि मुलांवर दबाव आणू नका हेही लिहा. गेल्या वर्षीची नोटीस दोन पानी होती, ती कुणी वाचली असेल असं वाटत नाही. एका मुलाचे बाबा तर ओरडत ओरडत ट्रॅकवरच आले होते. काय लिहू आणि कसं लिहू?

उत्तर :

मी इंदुरातच दोन शाळांत मिळून सत्तावीस वर्षं पीटी शिकवली. एवढ्या काळात स्पोर्ट्स डेच्या वीसेक नोटिसा तरी माझ्या हातून गेल्या असतील, आणि त्यातल्या पहिल्या सात-आठ वाईट होत्या. वाईट म्हणजे चुकीच्या नव्हत्या, पण शाळेच्या सोयीने लिहिलेल्या होत्या. ‘पालकांनी आपल्या पाल्यास सकाळी ठीक ७.३० वाजता पूर्ण क्रीडागणवेशात, पाण्याची बाटली व खाऊच्या डब्यासह उपस्थित ठेवावे.’ वाक्यात खोट काढायला जागा नाही. पण एका वर्षी याच वाक्याने जे झालं, ते आधी सांगते.

दुसरीतली एक मुलगी. साडेसातला मैदानावर हजर, नवी ट्रॅक पँट, नवे बूट, गळ्यात स्टीलची बाटली. तिची शर्यत लागली अकरा दहाला. मधले साडेतीन तास ती फक्कीच्या रेघेमागे सतरंजीवर बसून होती. शर्यतीच्या आधी मी मुलांना ओळीत उभं करत होते, तर ही गप्प, गाल लाल, आणि कपाळ दोन्ही हातांनी दाबलेलं. बाटली उचलून पाहिली तर काठोकाठ भरलेली. सकाळपासून एक घोट नाही. ‘पाणी का नाही प्यालीस गं?’ तर हळूच म्हणाली, ‘बाई, नाडी सुटत नाही.’

आईने नवी पँट सैल होत होती म्हणून नाडीला पक्की निरगाठ मारून दिली होती. पोरीला कळलं होतं, पाणी प्यायलं की बाथरूमला जावं लागणार, आणि गेलं की नाडी सुटणार नाही. म्हणून तिने तिच्या डोक्याने बरोबर उपाय काढला होता. तिला सावलीत बसवलं, गाठ कापली, थोडं थोडं पाणी दिलं, अर्ध्या तासात ठीक झाली. शर्यत मात्र हुकली. आई कठड्याबाहेर मोबाइल धरून उभीच होती.

त्या दिवसापासून मी कपडे, पाणी आणि वेळ असे तीन वेगवेगळे मुद्दे लिहिणं सोडलं, कारण मुलाच्या अंगावर ते एकत्रच येतात. नोटीस लिहिताना मी आता एका मुलाची सकाळ डोळ्यांसमोर आणते, घरातून निघाल्यापासून परत घरी जाईपर्यंत, आणि घड्याळाच्या क्रमाने लिहीत जाते. नोटीस आपोआप पानभरात बसते.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून कळणार नाहीत. मैदान शाळेचं आहे की भाड्याचं, मुलं व्हॅनने येतात की आई-बाबा सोडतात, मैदानाजवळ बाथरूम किती आहेत, मोठ्या बाई प्रमुख पाहुण्यांचं भाषण किती वेळ चालू देतात. (शेवटचं सगळ्यात बेभरवशाचं.) तेव्हा खालचे आकडे उचलून तसेच छापू नका, हिशेबाची रीत मात्र घ्या.

आधी वेळ, कारण बाकी सगळं तिच्यावर टांगलेलं आहे

नोटिशीत ‘८ ते १२’ असं लिहिलं की पालकाला काहीच कळत नाही. त्याला हवं असतं, माझ्या मुलाचा नंबर कधी. ते सांगायचं तर आधी तुम्हाला ठाऊक हवं, म्हणून नोटिशीला हात लावायच्या आधी कागद-पेन्सिल घेऊन बसा.

२२० मुलं, चार वर्ग, म्हणजे वर्गाला साधारण ५५. छोट्या मैदानावर सहाच पट्टे आखता येतील असं धरू. ५५ मुलांना सहा-सहा करून पळवायचं तर दहा फेऱ्या होतात. दुसरीचं मूल ५० मीटर पळायला बारा-पंधरा सेकंद घेतं, पण एका फेरीला दोन मिनिटं धरा. ओळीत उभं करणं, कुणाची लेस सुटणं, शिट्टीच्या आधीच एक जण पळणं, नंबर लिहून घेणं, सगळं त्यात येतं. म्हणजे एका वर्गाची धावण्याची शर्यत वीस मिनिटं. लिंबू-चमच्याला फेरीला तीन मिनिटं लागतात, कारण लिंबं गडगडतात, म्हणजे तीस मिनिटं. वर्ग एकामागून एक घेतले तर नुसत्या या दोन खेळांनाच तीन तास वीस मिनिटं जातात. वर अंतिम फेऱ्या, फिती लावणं आणि भाषण. चौथीचं मूल दुपारपर्यंत बसून राहतं.

म्हणून मैदानाचे दोन भाग करा आणि मुलांचेही दोन गट करा. पहिली आणि दुसरी एकदम : पहिली पळतेय तोवर मैदानाच्या दुसऱ्या अंगाला दुसरीचं लिंबू-चमचा, अर्ध्या तासाने अदलाबदल. तास झाला. अंतिम फेरी आणि फितींना पंधरा मिनिटं. सव्वा तासात दोन वर्ग मोकळे. मग तिसरी-चौथी तशीच. ८.४५ ते १०.०० आणि १०.१५ ते ११.३०. मुलांनी आपल्या वेळेच्या फक्त अर्धा तास आधी यायचं. पहिली-दुसरीचं मूल मैदानावर दोन तासांपेक्षा जास्त राहत नाही, आणि त्याच्या बाबांनाही अर्ध्याच दिवसाची सुट्टी पुरते. आमच्याकडे या एका बदलाने येणारे बाबा दिसण्याइतके वाढले.

८.४५ का, ८ का नाही? इंदूरला डिसेंबरच्या मध्याला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, आणि पहाटेचा पारा दहा-अकरा अंशांवर असतो. आठ वाजता मैदानावर दव असतं. आपली माळव्याची काळी माती, वर विरळ गवत, त्यावर दव, अशा जमिनीवर कॅनव्हासच्या गुळगुळीत तळव्यांनी वळणावर पाय सटकतोच. मी सकाळी एक सोपी परीक्षा करते : खाली वाकून हात मैदानावर फिरवायचा, तळहाताला माती चिकटली तर अजून वीस मिनिटं थांबायचं. लहानांना आधी ठेवायचं कारण एवढंच की मोठी मुलं वाट पाहू शकतात, लहानांना ते जमत नाही.

व्हॅनवाले काका दोन फेऱ्या करायला तयार नसतील तर तिसरी-चौथीला सगळ्यांबरोबर येऊ द्या, पण मैदानावर न बसवता वर्गात बसवा, पावणेदहापर्यंत. एकाच घरातलं एक मूल पहिलीत आणि एक चौथीत असेल तर पालकांना थांबावंच लागतं, त्याला इलाज नाही. नोटिशीत तसं सरळ लिहा, म्हणजे ते सकाळीच रागावून येत नाहीत. आणि पाहुण्यांचं भाषण पहिल्या शर्यतीनंतर ठेवा. मुलं बसून ऐकतात, कारण दमलेली असतात.

कपडे : जे मुलाला स्वतःला काढता-घालता येतं ते

सकाळी सव्वाआठला कुडकुडायला होतं आणि साडेअकराला पारा पंचवीसच्या आसपास असतो, वर चटचटीत ऊन. म्हणून कपड्यांचा नियम एकच : आत अर्ध्या बाह्यांचा सुती टी-शर्ट, वर पुढून उघडणारा स्वेटर किंवा जॅकेट. डोक्यातून काढायचा स्वेटर नको. सहा वर्षांच्या मुलाचा तो कानात अडकतो, आत टी-शर्टही वर जातो, आणि छातीवर नंबरची चिठ्ठी टाचलेली असेल तर ती फाटते. पुढून उघडणारा स्वेटर मूल शर्यतीआधी स्वतः काढतं आणि संपल्यावर पुन्हा चढवतं. घाम आलेल्या अंगाला गार वारा लागू नये म्हणून पुन्हा चढवणंही तितकंच महत्त्वाचं. ज्यांना दमा आहे त्यांना तर थंड, कोरड्या हवेत पळून धाप लागू शकते. अशा मुलांच्या घरून पंप वर्गशिक्षिकेकडे नावासकट आला पाहिजे, मुलाच्या दप्तरात नको.

खाली इलॅस्टिकची पँट. नाडी असलीच तर ती आत खोचलेली आणि न बांधलेली. ही ओळ माझ्या प्रत्येक नोटिशीत असते आणि प्रत्येक वर्षी कुणी तरी विचारतं, ‘बाई, हे काय लिहिलंय?’ मग मी त्यांना त्या पोरीची गोष्ट सांगते.

बूट घातलेले, सवयीचे. नवे बूट घालून पळालं की टाचेला फोड येतो, आणि आपल्याकडे स्पोर्ट्स डेला नवे बूट घेणं म्हणजे जणू दिवाळीच. घ्यायचेच असतील तर आठवडाभर आधी घेऊन रोज तासभर घालायला सांगा. लेसच्या गाठी दुहेरी, टोकं आत खोचलेली. अनवाणी पळू द्यायचं का, हे तुमच्या मैदानावर आहे. मी खडे आणि काचा पाहून ठरवते, आणि शंका असेल तर नाहीच म्हणते. कडं, बांगड्या, लोंबती कानातली घरी ठेवा, एवढंच लिहा, कारण सांगत बसू नका.

हाउसच्या रंगाचा टी-शर्ट विकत आणायला लावू नका. चार रंगांच्या साटीनच्या फिती शाळेनेच कापून दंडाला बांधल्या तरी काम होतं. टी-शर्ट विकत आणायला लावलं की एखाद्या घरी अडचण होते, आणि ती अडचण मूल घेऊन मैदानावर येतं.

पाणी

इथे दोन गोष्टी आहेत : किती आणि कधी. किती हे सोपं आहे. अर्ध्या लिटरची बाटली, त्यावर मार्करने किंवा चिकटपट्टीवर नाव आणि वर्ग. स्टीलची मोठी बाटली नको, भरल्यावर ती जड होते आणि पायावर पडली तर लागतं. दोन तासांत, अधूनमधून एकेक मिनिट पळणाऱ्या लहान मुलाला घरून आणलेलं एवढं पाणी साधारण पुरतं, पण बाटल्या सांडतात, हरवतात, म्हणून शाळेने गटातल्या ११० मुलांना प्रत्येकी आणखी एक पेला, साधारण २०० मिली, धरावं. २२ लिटर झाले. वीस लिटरचे दोन जार ठेवले की हातात थोडं शिल्लकही राहतं. हे जार मुलांचे, पालकांचे नाहीत. पालकांनी आपलं पाणी आपण आणावं, असं नोटिशीत लिहायला लाजू नका. एका वर्षी आम्ही लाजलो, आणि दहाला जार रिकामे.

कधी, हे पालकांच्या हातात नसतं, तुमच्या हातात असतं. खेळात रमलेलं मूल तहान लागूनही पाणी मागत नाही. मी दर वीस मिनिटांनी एक लांब शिट्टी वाजवते, ती पाण्याची शिट्टी. सगळ्यांनी चार-पाच घोट प्यायचे, कुणाचंही चालू असलं तरी. शर्यतीच्या अगदी आधी गटागटा पाणी नको, त्याने पोटात कळ येते, पण घोटभर चालतं. शिट्टी वाजली की बाटली न उचलणारं मूल लगेच दिसतं, आणि त्याच्याशी बोलायला जाता येतं. बहुतेक वेळा कारण बाथरूमचंच निघतं. म्हणून मैदानावर आल्याबरोबर प्रत्येक वर्गाला बाथरूम दाखवून आणा, आणि नोटिशीतही ते कुठे आहे हे एका ओळीत सांगा.

ग्लुकोज पावडर? माझ्या मते नको. एवढ्या वेळाला साधं पाणी पुरतं, आणि घट्ट गोड पाणी पोटात रेंगाळतं, पळताना मळमळ होते. काही घरांची श्रद्धा इतकी पक्की असते की वाद घालण्यात अर्थ नसतो. त्यांना मी एवढंच सांगते, शर्यत झाल्यावर द्या. गोड म्हणून संत्र्याच्या दोन फोडी उत्तम.

नाश्त्याबद्दल एक ओळ नक्की घाला, आपलं गाव इंदूर आहे. सकाळी पोहे-जलेबी न खाता घरातून निघणं आपल्याकडे अपमान समजतात. पोहे चालतील, थोडे, शर्यतीच्या दीड-दोन तास आधी. जलेबी आणि वरची मूठभर सेव नंतरसाठी ठेवा. आणि घाईघाईत पाजलेला भरला पेला दूध नको. पन्नास मीटरच्या शेवटच्या दहा मीटरवर ते दूध मी पाहिलेलं आहे.

आता ओरडणारे बाबा

तुमच्या नोटिशीत ‘पालकांनी मुलांवर दबाव आणू नये’ असं आहे ना, ते काढून टाका. जो बाबा ट्रॅकवर आला, तो ते वाक्य वाचून म्हणेल, ‘बरोबर आहे, लोक फार दबाव आणतात.’ स्वतःवर तो ते घेणारच नाही. पालकाला ‘हे करू नका’ सांगून उपयोग नसतो. उभं कुठे राहायचं आणि तोंडातून काय निघू द्यायचं, हे सांगावं लागतं.

आधी उभं राहणं, कारण निम्मं काम त्यानेच होतं. लहान मूल ज्या आवाजाला ओळखतं त्याच्याकडे वळतं. बाबा ट्रॅकच्या बाजूला उभे राहून ‘सोहम, सोहम!’ ओरडले की सोहमची मान बाजूला वळते, मानेमागून खांदा, आणि तो शेजारच्या पट्ट्यात शिरतो. मी दोघांना एकमेकांच्या पायात पाय अडकून पडताना पाहिलंय, आणि दोन्हीकडचे बाबा दुसऱ्याच्या मुलाला बोलत होते. पालकांना बाजूला उभंच करायचं नाही. शेवटच्या रेघेच्या पुढे, समोर, साधारण दहा-बारा मीटरवर आडवी दोरी बांधा, आणि पालक त्या दोरीमागे. आता मूल आवाजाकडे वळलं तरी सरळच पळतं.

याचा दुसरा फायदा असा. सहा-सात वर्षांचं मूल रेघ दिसली की रेघेच्या दोन पावलं आधीच थांबतं, कारण त्याला सांगितलेलं असतं ‘रेघेपर्यंत पळ’. समोर आई दिसत असेल तर ते आईपर्यंत पळतं, आणि रेघ वाटेत मागे पडते. दोरीच्या आधी एक शिक्षिका हात पसरून उभी ठेवा, जोरात येणाऱ्या पोरांना झेलायला. मैदानावर दोरीमागे एवढी जागा नसेल तर पालकांची रांग रेघेच्या पुढे दोन्ही बाजूंना तिरकी करा. रेघेच्या अलीकडे मात्र कुणी नको.

आता तोंड. मी नोटिशीत तीनच क्षण लिहिते : घरातून निघताना, शर्यत चालू असताना आणि संपल्यावर. निघताना बक्षीस कबूल करू नका. ‘पहिला आलास तर सायकल’ हे वाक्य मूल रात्रभर घोळवतं, आणि मग शर्यतीत त्याचं अर्धं लक्ष शेजाऱ्यावर असतं. लिंबू-चमच्यात हे स्वच्छ दिसतं : सायकलवाला पोरगा चमच्याकडे न पाहता बाजूला पाहतो आणि लिंबू सांडतो. नेहमीसारखं ‘चल, निघू या’ म्हणा.

शर्यत चालू असताना सूचना देऊ नका. ‘हात हलव’, ‘मागे बघू नकोस’, ‘आतून ये’. धावणारं मूल शब्द ऐकत नाही, सूर ऐकतं, आणि सूचनेचा सूर रागाचा असतो. टाळ्या वाजवा, वर्गाचं नाव घ्या. ‘दुसरी, दुसरी!’ असं सगळ्यांनी ओरडलं की जे शेवटून दुसरं येतंय त्यालाही तो आवाज आपलाच वाटतो. एक आवाहन मी मुद्दाम लिहिते, की सगळ्यात शेवटचं मूल रेघ ओलांडेपर्यंत टाळ्या चालू ठेवाव्यात. पहिल्या फेरीला चार जण करतात, पाचव्या फेरीपर्यंत सगळा जमाव करतो.

मोबाइलबद्दल बंदी घालू नका, पाळली जाणार नाही. आम्ही एक शिक्षिका व्हिडिओला नेमतो आणि संध्याकाळी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. नोटिशीत लिहितो, ‘व्हिडिओ आम्ही काढतोय, तुमचा चेहरा मुलाला दिसू द्या.’ हे वाचून बऱ्याच जणांचे हात खाली येतात. ग्रुपवर फोटो जाणं कुणाला नको असेल तर त्यांनी आधी कळवावं, तीही ओळ हवी.

आणि संपल्यावर. पहिलं वाक्य नंबराबद्दल नसावं, एवढंच मी मागते. ‘कितवा आलास?’ हे आपल्या तोंडून आपोआप निघतं, माझ्याही निघतं. त्याच्या जागी हातात काही तरी द्यावं लागतं, म्हणून मी लिहिते, ‘पहिल्यांदा पाणी द्या.’ पाणी देणारा माणूस तेवढा वेळ प्रश्न विचारत नाही. तोवर मूल स्वतःच सांगायला लागतं, ‘आई, माझं लिंबू दोनदा पडलं!’ आणि पुढचं बोलणं त्याच्या सुरात होतं. आजी-आजोबांनाही हे सांगा म्हणून लिहा. सगळ्यात जास्त ‘अरे, तुझा बाबा तर पहिला यायचा’ तिकडूनच येतं, प्रेमाने.

पळायलाच न तयार होणारं एखादं मूल दर वर्षी असतं. त्याला ढकलून उभं करू नका, पालकांनाही करू देऊ नका. त्याला शिट्टी वाजवायला किंवा फिती धरायला द्या. दोन-तीन फेऱ्यांनंतर बऱ्याचदा ते स्वतःच रांगेत येतं. नाही आलं तरी त्या दिवशी त्याला काही तरी काम होतं.

नोटीस अशी दिसेल

पहिली-दुसरीच्या पालकांसाठीची ही. तिसरी-चौथीसाठी फक्त वेळा बदला, आणि दोन्ही वेगळ्या छापा, एकाच कागदावर दोन्ही गटांच्या वेळा नकोत.

> पालकहो, नमस्कार.
> शनिवारी आपला स्पोर्ट्स डे आहे. पहिली-दुसरीच्या शर्यती ८.४५ ते १०.००. मुलांना ८.१५ ला मैदानाच्या गेटवर सोडा, १०.१५ ला तिथूनच घेऊन जा. बरोबर भाऊ-बहीण तिसरी-चौथीत असेल तर आपल्याला ११.४५ पर्यंत थांबावं लागेल.
>
> घरून निघताना : थोडा नाश्ता सातपर्यंत. जलेबी नंतर! आत अर्ध्या बाह्यांचा टी-शर्ट, वर पुढून उघडणारा स्वेटर. इलॅस्टिकची पँट, नाडी बांधू नका. मुलाला बाथरूममध्ये ती स्वतः काढता आली पाहिजे. रोजचेच बूट. कडं, बांगड्या घरी.
>
> बरोबर : नाव लिहिलेली अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली, बाकी काही नको. दर वीस मिनिटांनी आम्ही मुलांना पाणी पाजू. बाथरूम मैदानाच्या डाव्या हाताला, व्हरांड्याच्या टोकाला. आपल्यासाठीचं पाणी आपण आणा. दमा, फिट येणं किंवा काही औषध असेल तर शुक्रवारपर्यंत वर्गशिक्षिकेला सांगा.
>
> मैदानावर : आपली जागा शेवटच्या रेघेच्या पुढे, पिवळ्या दोरीमागे. मूल आपल्याकडे पळत येईल. वर्गाच्या नावाने ओरडा, आणि शेवटचं मूल येईपर्यंत टाळ्या वाजवा. व्हिडिओ आम्ही काढतोय. आपल्या मुलाचा फोटो ग्रुपवर नको असेल तर कळवा.
>
> शर्यत संपल्यावर : आधी पाणी द्या. मग त्यालाच बोलू द्या. आजी-आजोबांनाही हे वाचून दाखवा.
>
> पाऊस आला तर : सकाळी ६.३० ला ग्रुपवर कळवू. पुढची तारीख सोमवार, वेळ तीच.

शेवटच्या ओळीबद्दल : डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे मावठा येतो, आणि काळ्या मातीवर रात्री पाऊस पडला तर सकाळी आकाश निरभ्र असलं तरी मैदान वापरता येत नाही. बुटाला मातीचे गोळे चिकटतात. निर्णय आकाश पाहून घेऊ नका, मैदानावर चालून पाहून घ्या, आणि त्यासाठी सहाला तिथे एक माणूस हवा.

नोटीस आठ दिवस आधी कागदावर द्या, वहीत चिकटवून. फक्त ग्रुपवर टाकली तर दुसऱ्या दिवशी ती कुणाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली दबते. ग्रुपवर आदल्या संध्याकाळी दोनच ओळी टाका : वेळ आणि बाटली. तुमच्याकडे हिंदी बोलणारे पालकही असतील, तर पाठीमागच्या बाजूला हिंदी छापा, पण हिंदी मराठीवरून शब्दाला शब्द करू नका. कुणा हिंदी बोलणाऱ्या शिक्षिकेला मराठी नोटीस वाचून दाखवा आणि तिने आपल्या भाषेत लिहावी.

एक काम मात्र छापायच्या आधी करा. नोटीस शाळेतल्या मावशींना वाचायला द्या आणि विचारा, ‘उद्या तुमच्या नातीला पाठवायचं तर काय काय कराल?’ त्यांनी वेळ किंवा बाटली सोडून दिली, तर ती ओळ वर आणा. मला एकदा आमच्या मावशींनी विचारलं होतं, ‘बाई, ते गेट म्हणजे मागचं की पुढचं?’ त्या वर्षी मी कुठलं गेट ते लिहिलंच नव्हतं.